कोनमापकापासून क्लायनोमीटर बनवून शाळेची उंची मोजायची: तीन तासिकांचा पाठ, पहिल्यांदाच घेणाऱ्या शिक्षकांसाठी

दहावीच्या त्रिकोणमितीत उन्नत कोनाची गणितं येतात, त्यात कोन आयता दिलेला असतो, ३० नाहीतर ४५ नाहीतर ६०, आणि मुलं √३ चा गुणाकार करून मोकळी होतात. हा कोन आला कुठून, कोणी मोजला, कशाने मोजला हे विचारलं की वर्ग गप्प. म्हणून हा पाठ, ज्यात मुलं क्लायनोमीटर, म्हणजे उन्नत कोन मोजायचं साधं उपकरण, स्वतः बनवतात. तीन तासिका लागतात, पहिली बनवायला आणि तपासायला, दुसरी मैदानावर, तिसरी आकडेमोडीला. नववीलाही घेता येतो आणि आठवीलाही, tan न वापरता, ते कसं ते पुढे सांगते.

बहुतेक ठिकाणी हा उपक्रम "कोनमापकाला स्ट्रॉ चिकटवा, दोरा बांधा, बघा, गुणाकार करा" एवढ्यावर संपवतात आणि मग एका गटाचं उत्तर ७ मीटर, दुसऱ्याचं ११ मीटर. मुलांना वाटतं गणित पुस्तकातच बरोबर येतं, बाहेर नाही. खरं तर गणित बरोबरच असतं, गडबड झालेली असते उपकरणात, नाहीतर उभं कुठे राहिलो त्यात, नाहीतर मोजपट्टी कुठून कुठे धरली त्यात. त्यामुळे या लेखात त्या जागांवरच जास्त वेळ घालवणार आहे.

पहिली तासिका: बनवणं

चार जणांच्या गटाला एक उपकरण पुरे. लागतं काय, तर कोनमापक, जाड पुठ्ठा, सरळ नळी (कागदी स्ट्रॉ किंवा रिकाम्या बॉलपेनची नळी, दोन्ही बाजूंनी उघडी), शिवणाचा दोरा, एक लोखंडी नट, चिकटपट्टी, फेव्हिकॉल.

आता कंपासपेटीतलं कोनमापक थेट वापरू नका असं माझं मत आहे. त्याची त्रिज्या साधारण ५ सेंमी असते, म्हणजे कडेवर एक अंश म्हणजे एक मिलिमीटरसुद्धा नाही, आणि दोऱ्याचीच जाडी त्यात अर्धा अंश खाऊन टाकते. त्यापेक्षा कोनमापक झेरॉक्सवाल्याकडे न्या आणि दुप्पट मोठं करून घ्या. त्रिज्या १० सेंमी झाली की एक अंश जवळपास पावणेदोन मिलिमीटरचा होतो आणि मुलांना अर्ध्या अंशापर्यंत अंदाज घेता येतो. एवढंच बघा की झेरॉक्स एका बाजूला ताणली गेलेली नाही, गुण्यातली ४५ आणि ९० अंशांची टोकं त्यावर ठेवून पडताळा, जुळली तर कागद चांगला. मग तो पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने चिकटवा, फुगे राहू देऊ नका, आणि वाळल्यावर कापा.

कोनमापकावर दोन उलटसुलट मापं छापलेली असतात, डावीकडून ० ते १८० आणि उजवीकडून ० ते १८०. त्यातलं एक पांढऱ्या शाईने खोडूनच टाका. मैदानावर एक मुलगा ५८ म्हणतो, दुसरा १२२ म्हणतो, दोघेही बरोबर असतात पण मग वादात पाच मिनिटं जातात.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. कोनमापकाचा केंद्रबिंदू म्हणजे त्याची खालची कड नाही! प्लास्टिकच्या कोनमापकात ० ते १८० ची रेषा खालच्या कडेपासून काही मिलिमीटर वर असते, आणि केंद्र त्या रेषेच्या मधोमध. भोक तिथेच पाडायचं, जाड सुईने, आणि दोरा त्यातून ओवून मागच्या बाजूला गाठ मारायची. कडेवर खाच करून दोरा अडकवला तर वाचन प्रत्येक कोनाला वेगवेगळं चुकतं, ९० ला बरोबर दिसतं आणि जसजसं वर बघाल तसतसं बिघडत जातं, त्यामुळे ही चूक साध्या तपासणीत सापडत नाही.

नळी ० ते १८० च्या रेषेला समांतर चिकटवा, वरच्या सरळ कडेला. कोनमापक उलटं धरायचंय, गोल बाजू खाली. नळीच्या पुढच्या तोंडावर दोन बारीक दोरे अधिक चिन्हासारखे चिकटवा. हे लोक करत नाहीत, पण ६ मिलिमीटर भोकाची आणि २० सेंमी लांबीची नळी घेतली तर भोकातून दिसणारा पट्टाच जवळपास पावणेदोन अंशांचा असतो, मग त्यात कठडा वरच्या बाजूला दिसतोय की खालच्या याने उत्तर बदलतं. मधे फुली असली की कठड्याची कड फुलीवर आणायची, प्रश्न मिटला.

नट दोऱ्याला बांधताना तो गोल कडेच्या चार-पाच सेंमी खाली लोंबेल एवढा दोरा ठेवा, नाहीतर नट पुठ्ठ्याला घासतो आणि दोरा जिथे अडकेल तिथे थांबतो. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडतो ना, तेच हे आहे, आणि ओळंबा मोकळा लटकला तरच खरं सांगतो.

९० मधून का वजा करायचं

हे बनवून झाल्यावर लगेच विचारा, मैदानावर नको. नळी आडवी धरली की दोरा ९० वर. नळी जेवढी वर उचलली तेवढंच कोनमापक फिरलं, पण दोरा फिरला नाही, तो सरळ जमिनीकडेच. म्हणजे दोरा ९० पासून जेवढा सरकलेला दिसतो तेवढाच नळीचा वर उचललेला कोन, तोच उन्नत कोन. दोरा ५८ वर असेल तर ९० − ५८ = ३२ अंश. फळ्यावर आकृती काढण्यापेक्षा उपकरण हातात देऊन हळूहळू उचलायला सांगा, दोऱ्याकडे बघत बघत, बहुतेकांना तिथेच कळतं.

तपासणी, ही वगळू नका

नळी एखाद-दुसऱ्या अंशाने वाकडी चिकटलेलीच असते, हाताने केलेल्या कामात तसं होणारच. ते शोधायला गवंड्यांकडे असतो तसा पाणी भरलेला पारदर्शक पाइप मिळवा, आठ-दहा मीटरचा. व्हरांड्याच्या दोन टोकांच्या खांबांवर पाण्याची पातळी जिथे येते तिथे पेन्सिलने खुणा करा, साधारण मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर खूण चुकते, तेवढं बघून घ्या. या दोन खुणा एकाच पातळीत आहेत. आता एका खुणेपाशी डोळा आणि नळी ठेवून दुसऱ्या खुणेकडे बघायचं. दोरा ९० वर आला तर उत्तम. ९१ वर आला तर या उपकरणाचा "आडवा आकडा" ९१, तो पुठ्ठ्यावर पेनने लिहून टाका आणि पुढे नेहमी ९० ऐवजी त्यातून वजा करा. नळी उपटून परत चिकटवत बसू नका, ते कधीच नीट बसत नाही.

पाइप नसेल तर दोन मुलं उलटसुलट बघूनही काम होतं. दोन्ही खांबांवर अंदाजे कुठेही एकेक खूण करा, पहिल्या खुणेवरून दुसरीकडे बघून वाचन घ्या, मग दुसरीवरून पहिलीकडे. दोन वाचनांची सरासरी हाच आडवा आकडा. एक खूण थोडी वर आणि एक खाली असली तरी जाताना जेवढा कोन वाढतो तेवढाच येताना कमी होतो.

दुसरी तासिका: मैदानावर

आधी एक नियम, कडक. सूर्य ज्या दिशेला असेल त्या दिशेकडे नळीतून बघायचं नाही. सकाळची शाळा असेल तर सूर्य पाठीमागे येईल अशी बाजू निवडा, आणि गच्चीवर कुणीही मूल जाणार नाही, त्याची गरजही नाही.

मग ठरवा की मोजायचं काय. "शाळेची उंची" म्हणजे गच्चीच्या कठड्याचा वरचा काठ, दारासमोरच्या जमिनीपासून. पाण्याची टाकी नाही, झेंड्याचा खांब नाही. टाकी गच्चीवर चार-पाच मीटर आत असते, तिच्याकडे बघून भिंतीपर्यंतचं अंतर वापरलं तर त्रिकोणच चुकीचा होतो.

हाच मुद्दा अंतराला लागू आहे. अंतर मोजायचं ते कठड्याच्या काठाच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत. बऱ्याच शाळांना पुढे दोन मीटरचा व्हरांडा असतो आणि मुलं टेप व्हरांड्याच्या पायरीला लावून मोकळी होतात. समजा खरं अंतर १२ मीटर, कोन ३२ अंश, मुलांनी मात्र १० मीटर लिहिलं. tan ३२° = ०.६२५, त्यामुळे ७.५० मीटरच्या जागी ६.२५ येतं, म्हणजे सव्वा मीटर गायब, आणि तेही कोन अगदी अचूक मोजून. त्यामुळे आधी कठड्याखाली उभं राहून वर बघा, काठाखालची जागा जमिनीवर खडूने आखा, आणि टेप तिथून ताणा. कापडी टेप असेल तर जमिनीवर टेकवून, हवेत झोळ पडू न देता.

उभं किती लांब राहायचं? हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या, पण तुम्हाला उत्तर माहीत हवं. आपल्या उदाहरणात कठडा डोळ्यांच्या वर ७.५ मीटर आहे. एक अंशाची चूक कुठे किती महाग पडते ते बघा: ३ मीटरवरून जवळपास ३८ सेंमी, ७.५ मीटरवरून २६, १२ मीटरवरून २९, २५ मीटरवरून ४८. म्हणजे फार जवळ गेलात तरी नुकसान, फार लांब गेलात तरी नुकसान, आणि ४५ अंश दिसतो तिथे सगळ्यात कमी. जवळ आणखी एक त्रास, अंतरात १० सेंमी चुकले तर ३ मीटरवर उंची २५ सेंमीने चुकते, १२ मीटरवर फक्त सहा. म्हणून कोन ३० ते ४५ च्या मधे दिसेल असं उभं राहायचं, इमारतीच्या उंचीएवढं ते दीडपट लांब, अंदाजाने. मान फार मागे न्यावी लागत असेल तर समजायचं की जवळ आहोत.

बघायचं काम एकाने आणि वाचायचं काम दुसऱ्याने. बघणारा फुली कठड्याच्या काठावर ठेवून "हं" म्हणतो, वाचणारा दोरा स्थिर होईपर्यंत थांबतो, मग दोरा अंगठ्याने पुठ्ठ्यावर अलगद दाबून धरतो आणि समोरून, तिरकं न बघता, आकडा वाचतो. तिसरा लिहितो. चौथा अंतर आणि भिंतीवरचं काम बघतो. वारा असेल तर दोरा डुलत राहतो, तेव्हा मोठा नट लावा किंवा इमारतीच्या आडोशाला या, डुलणाऱ्या दोऱ्याचं "मधलं" वाचू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा पाठ आवर्जून घेते ती. पुस्तकातल्या गणितात शेवटी डोळ्यांची उंची मिळवतात, "निरीक्षकाची उंची १.५ मीटर" वगैरे. ते चालतं कधी, तर जमीन सपाट असेल तेव्हा. आपल्या शाळांची मैदानं सपाट नसतात, पावसाचं पाणी जावं म्हणून उतार दिलेला असतो, आणि १२ मीटरमध्ये १५-२० सेंमीचा उतार डोळ्याला कळतही नाही. मग डोळ्यांची उंची न मिळवता असं करा: आहे त्याच जागी उभं राहून नळी आडवी धरा, दोरा आपल्या आडव्या आकड्यावर येईपर्यंत. चौथा मुलगा भिंतीपाशी खडू वरखाली सरकवतो, बघणारा "अजून खाली, अजून, बस" असं सांगतो, आणि फुली जिथे पडते तिथे खूण. ही खूण दारासमोरच्या जमिनीपासून टेपने मोजायची. तीच मिळवायची उंची. उतार असो नसो, मूल उंच असो बुटकं असो, काही फरक पडत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. आडवा आकडा तपासायला वेळ मिळाला नाही आणि उपकरण एखाद्या अंशाने चुकीचं आहे असं धरा. ते कठड्याचा कोन जास्त दाखवत असेल तर भिंतीवरची खूण तितक्याच अंशांनी खाली पाडतं, त्यामुळे ४५ पेक्षा कमी कोनाला चूक निम्म्याहून कमी उरते. डोळ्यांची उंची टेपने मोजून मिळवली की ही सोय जाते.

तिसरी तासिका: एका गटाचं पूर्ण उदाहरण

समजा गटाची वही अशी आहे. अंतर १२.०० मीटर. आडवा आकडा ९०. पाच वाचनं ५८, ५९, ५७, ५८, ६२. भिंतीवरची खूण जमिनीपासून १.२२ मीटर. बघणाऱ्या मुलीच्या डोळ्यांची उंची १.४० मीटर.

ते ६२ बघा. बाकी सगळी ५८ च्या आसपास आणि हे एकटं चारने वर. बहुतेक वेळा हे असं होतं की मूल ६० ची रेघ बघतं आणि दोन रेघा चुकीच्या दिशेला मोजतं, ५८ च्या जागी ६२. खोडायचं नाही, वहीत राहू द्यायचं, पण सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा. चढत्या क्रमाने ५७, ५८, ५८, ५९, ६२, मधलं ५८. सरासरी घेतली असती तर ५८.८ आली असती आणि उंची वीस-पंचवीस सेंमीने घसरली असती. सांख्यिकीतला मध्यक इथे कामाला येतो, मुद्दाम वेगळा धडा घ्यायला नको.

उन्नत कोन ९० − ५८ = ३२ अंश.

उंची = अंतर × tan(कोन) + खुणेची उंची
= १२ × ०.६२५ + १.२२
= ७.५० + १.२२ = ८.७२ मीटर

डोळ्यांची उंची मिळवली असती तर ८.९० आलं असतं, १८ सेंमी जास्त, तो सगळा मैदानाचा उतार.

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर tan काढताना एक फसवी गोष्ट आहे. स्क्रीनवर DEG हवं. RAD असेल तर tan 32 चं उत्तर ०.६६१ येतं, खऱ्या ०.६२५ च्या इतकं जवळ की कुणाला शंकाच येत नाही आणि उंची चाळीसेक सेंमीने जास्त निघते. आधी tan 45 दाबायला सांगा, १ आलं तर पुढे जा, १.६२ आलं तर सेटिंग बदला.

आठवी-नववीच्या मुलांना tan नको. आलेख कागदावर १ सेंमी म्हणजे १ मीटर धरून १२ सेंमीचा पाया काढा, एका टोकाला काटकोन, दुसऱ्या टोकाला ३२ अंश, दोन रेषा जिथे मिळतात तिथपर्यंतची उभी रेषा मोजली की ७.५ सेंमी. किंवा त्याहून सोपं, दोरा ४५ वर येईपर्यंत मागे सरका, मग कठड्याखालच्या जागेपासूनचं अंतर हीच डोळ्यांच्या वरची उंची. दहावीच्या मुलांकडून याच धर्तीवर ३० अंशाची जागा शोधून घ्या, ती १३ मीटरच्या आसपास येईल, आणि १३ ÷ √३ करून तेच साडेसात मीटर मिळतात. पुस्तकातला ३० आता त्यांनी स्वतः उभं राहून शोधलेला असतो.

उत्तर बरोबर आहे हे कशावरून

जिन्यावरून. जमिनीपासून गच्चीच्या फरशीपर्यंत किती पायऱ्या चढतो ते मोजायचं, व्हरांड्याच्या पायऱ्या धरून. गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर शेवटच्या दोन-तीन पायऱ्या आणि कठड्याची उंची शिक्षकांनी किंवा शिपाईकाकांनी बघून सांगायची. एका पायरीची उंची मोजताना एकच मोजू नका, दहा पायऱ्यांची एकत्र मोजून दहाने भागा, कारण एकेक पायरी सेंमीभर कमीजास्त असते. आपल्या उदाहरणात समजा ४८ पायऱ्या, प्रत्येकी १६ सेंमी, म्हणजे ७.६८ मीटर, वर कठडा १ मीटर, एकूण ८.६८. क्लायनोमीटरचं ८.७२. चार सेंमीचा फरक आला हे थोडं नशीबही आहे, कारण अर्ध्या अंशाची चूकच १२ मीटरवर १५ सेंमी देते. त्यामुळे उत्तर ८.७२ असं लिहून घेऊ नका, "सुमारे ८.७ मीटर, १५ सेंमी इकडेतिकडे" असं लिहायला लावा.

सगळ्या गटांची उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहा, शेजारी त्यांचं अंतर आणि कोन. एखादा गट मीटरभर बाहेर असेल तर आधी अंतर बघा, व्हरांड्याची पायरी धरली का ते, मग कोन ९० मधून वजा करायचा राहिला का ते. ३२ च्या जागी थेट ५८ वापरला तर १२ × tan ५८° म्हणजे १९ मीटरच्या वर येतं, ते लगेच ओळखू येतं. सगळ्या गटांची उत्तरं एकाच बाजूला झुकलेली असतील, सगळीच जिन्याच्या मापापेक्षा जास्त, तर दोष मुलांचा नाही, सगळ्यांनी वापरलेली एखादी सामाईक गोष्ट तपासा: टेपचं पहिलं टोक फाटलंय का, झेरॉक्स ताणलेली आहे का, कठड्याखालची खडूची खूण बरोबर ठिकाणी आहे का. गुण देताना मी उत्तराला कमी आणि वहीला जास्त देते. पाचही वाचनं, खोडाखोड न केलेली, अंतर कुठून कुठे मोजलं त्याची आकृती, आणि जिन्याच्या मापाशी फरक का पडला असावा याचं एक वाक्य, एवढं असलं की पूर्ण गुण.